ओपीजीत अक्कलदाढेभोवती काळा डाग, सिस्ट, हाड कमी झालंय असं लिहिलंय: पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न

जळगाव, भुसावळ, रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा सगळीकडून पेशंट येतात आणि हातात ओपीजीची फिल्म नाहीतर मोबाईलवर त्याचा फोटो असतो. रिपोर्टमध्ये चार ओळी असतात, त्यातली एकही धड समजत नाही, आणि "सिस्ट" हा शब्द वाचून घरच्यांनी रात्रभर झोप घेतलेली नसते. म्हणून इथे एकाच जागेबद्दल नीट सांगते, खालच्या जबड्याचा मागचा कोपरा, जिथे अक्कलदाढ अडकते. अडकलेली दाढ, तिच्याभोवतीची सिस्ट आणि शेजारच्या दाढेमागे कमी झालेलं हाड, या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात पण खूपदा त्या एकाच दाढेमुळे झालेल्या असतात.

ओपीजी म्हणजे नक्की काय, आणि छोट्या एक्स-रेपेक्षा त्यात वेगळं काय?

ओपीजीत मशीन तुमच्या डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात, केळीचं साल सोलून सपाट पसरवावं तसा गोल जबडा सपाट झालेला दिसतो. साधारण पंधरा सेकंद लागतात, तोंडात फक्त एक छोटी काडी दातांनी धरायची असते, त्यामुळे गुटखा-तंबाखूने ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही त्यांचाही निघतो. छोटा एक्स-रे, ज्याला आम्ही आरव्हीजी म्हणतो, तो दोन-तीन दातांचाच असतो पण त्यात बारीक गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. म्हणून ओपीजी झाल्यावर पुन्हा एका दाताचा आरव्हीजी सांगितला तर तो पैसे काढायचा प्रकार नसतो, कीड कुठपर्यंत गेली किंवा हाड किती मिलिमीटर कमी झालं हे ओपीजीवर नेमकं कळत नाही.

फोटोत डावी बाजू उजवीकडे का दिसते?

कारण डॉक्टर तुमच्या समोर उभे राहून बघतायत असं धरून तो लावतात. तुमची डावी दाढ फोटोत उजव्या हाताला येते. फोटोवर डावी-उजवीची खूण असते ती आधी शोधा, नाहीतर घरी सगळे भलत्याच बाजूची दाढ बघत बसतात. रिपोर्टमधले आकडे पण असेच आहेत, 38 म्हणजे खालची डावी अक्कलदाढ, 48 म्हणजे खालची उजवी, आणि 37 म्हणजे डाव्या अक्कलदाढेच्या लगेच पुढची दाढ. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

काळं दिसलं म्हणजे वाईटच का?

नाही ताई, अजिबात नाही. एक्स-रेमध्ये दाट वस्तू पांढरी दिसते, म्हणजे चांदीचं फिलिंग, कॅप, दाताचं वरचं कवच. हाड राखाडी. हवा, पाणी, पू, कीड किंवा जिथे हाड नाही तिथे काळं. आता चांगल्या जबड्यात पण काळ्या जागा असतातच. वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडातली हवेची पोकळी म्हणजे सायनस, खालच्या जबड्यातून जाणारा नसेचा मार्ग, आणि खालच्या उपदाढांच्या मुळाजवळ ती नस बाहेर येते तिथलं छोटं गोल छिद्र. हे छिद्र बघून कितीतरी लोक सिस्ट समजतात. फोटो काढताना जीभ टाळूला लावली नाही तर वरच्या मुळांवरून एक काळा पट्टा जातो, तो आजार नाही, ती हवा आहे. कानातले काढायचे राहिले तर त्यांची धूसर सावली समोरच्या बाजूला, थोडी वर उमटते. म्हणून फोटो काढताना टेक्निशियन सांगतो ते ऐका, जीभ टाळूला, ओठ बंद, हलायचं नाही, कानातलं-नथ-गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं.

"38 मेसिओअँग्युलर इम्पॅक्शन" याचा अर्थ काय?

डावी खालची अक्कलदाढ पुढच्या बाजूला झुकलेली आहे आणि 37 ला डोकं टेकवून अडकलीय. खालच्या अडकलेल्या दाढांमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त बघायला मिळतो. काही पूर्ण आडव्या असतात, काही सरळ पण हाडातच, काही मागे झुकलेल्या. मागे झुकलेली दाढ फोटोत साधी वाटते पण काढायला जास्त त्रासाची असते, कारण ती निघायच्या वाटेतच जबड्याचं मागचं हाड येतं.

रिपोर्टमध्ये इम्पॅक्शन लिहिलं म्हणजे दाढ काढायलाच पाहिजे असं नाही. तिच्यामुळे काही बिघडतंय का हे बघायचं असतं.

तिच्यामुळे बिघडतंय हे ओपीजीवर कसं ओळखता?

मी तीन जागा बघते. पहिली, अक्कलदाढेच्या डोक्याभोवतीची काळी कड. दुसरी, तिच्या पुढच्या दाढेची मागची बाजू, तिथलं हाड आणि तिथे कीड आहे का. तिसरी, तिची मुळं आणि खालून जाणारी नस यांच्यात किती जागा आहे.

हे सगळं एकाच पेशंटमध्ये कसं दिसतं ते सांगते. रावेरकडचा 28 वर्षांचा एक केळी बागायतदार, तक्रार एवढीच की डाव्या बाजूला मागे घास अडकतो आणि मधून मधून वास येतो. दुखणं जवळपास नाही. सोबत आई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "डाक्टर, दुखत तं काही नाही याला, मंग फोटो कशाला?" ओपीजी काढला तर 38 पुढे झुकलेली, तिच्या डोक्यामागे काळी कड मोजली तर आठ मिलिमीटर, 37 च्या मागचं हाड खाली गेलेलं, आणि 38 च्या मुळाच्या टोकावर जिथे नस ओलांडते तिथे एक काळा पट्टा. उजवीकडची 48 पण अडकलेली, पण तिच्याभोवती काहीच नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत याच फोटोकडे परत येते.

दाढेभोवती काळी कड तर सगळ्यांनाच असते म्हणतात, मग सिस्ट कधी म्हणायची?

बरोबर आहे, असते. न निघालेल्या दाढेच्या डोक्याभोवती एक पातळ पिशवी असतेच, दाढ तयार होते त्याच पिशवीत. फोटोत ती दोन-तीन मिलिमीटरची बारीक काळी रेघ दिसते आणि ती नॉर्मल आहे. ही कड चार-पाच मिलिमीटरच्या वर गेली, किंवा एकाच बाजूला फुगली, तर त्या पिशवीत पाणी साठायला लागलंय असा संशय घ्यायचा. यालाच डेंटिजेरस सिस्ट म्हणतात. तिची खूण म्हणजे काळ्या जागेला बाहेरून पांढरी स्वच्छ किनार, आणि ती किनार दाढेच्या मानेवर, म्हणजे डोकं संपून मूळ सुरू होतं तिथे येऊन चिकटलेली.

आता मोजताना एक लक्षात ठेवा, ओपीजी वस्तू मोठी करून दाखवतं. मशीनप्रमाणे आणि तोंड कसं ठेवलं त्याप्रमाणे साधारण वीस ते तीस टक्के जास्त. वरच्या पेशंटची आठ मिलिमीटरची कड पंचवीस टक्के मोठी दिसली असं धरलं तर खरी सहा-साडेसहा. तरी ती नॉर्मलच्या बरीच पुढे. पण समजा फोटोत चार दिसली असती तर खरी तीन-सव्वातीन असती, आणि अशा वेळी मी दाढ काढायची घाई करत नाही, काही महिन्यांनी पुन्हा फोटो घेऊन वाढतेय का ते बघते.

सिस्ट म्हणजे कॅन्सर का?

हा प्रश्न लोक दार बंद करून, हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे मोठ्याने उत्तर देते. डेंटिजेरस सिस्ट कॅन्सर नाही. ती पाण्याने भरलेली पिशवी आहे, सावकाश वाढते, आजूबाजूचं हाड विरघळवत आणि दाढ ढकलत जाते. क्वचितच तिच्यात पुढे गंभीर बदल होतात.

पण एक गोष्ट एक्स-रे सांगू शकत नाही, आणि कुठलाही प्रामाणिक डॉक्टर नुसत्या फोटोवरून ती सांगणार नाही, ती म्हणजे त्या काळ्या जागेत नक्की काय आहे. अगदी अशीच दिसणारी आणखी दोन दुखणी असतात. एक केराटोसिस्ट, ती जबडा जास्त न फुगवता लांबीच्या दिशेने पुढे-मागे पसरते आणि काढल्यावर परत यायची सवय असलेली. दुसरी अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ, ती आसपासच्या हाडात शिरते आणि तिचं ऑपरेशन मोठं असतं. म्हणून काढलेली पिशवी फेकून द्यायची नसते, फॉर्मलिनच्या बाटलीत घालून बायोप्सीला पाठवायची असते. तुमची दाढ सिस्टसकट काढली असेल तर "बायोप्सीला पाठवलं का?" हे नक्की विचारा, आणि रिपोर्ट जपून ठेवा. आमच्या रावेरच्या पेशंटचा रिपोर्ट डेंटिजेरस सिस्ट असाच आला.

माझ्या रिपोर्टमध्ये सिस्ट दाताच्या मुळाखाली लिहिलीय, दाढेभोवती नाही. ती पण तीच का?

ती वेगळी. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचून दात मेला की मुळाच्या टोकाला काळा गोल डाग येतो. तो नुसता सुजलेला गोळा आहे की सिस्ट, हे फोटोवर खात्रीने ओळखता येत नाही. बऱ्याच जणांचा हा डाग नीट रूट कॅनाल केल्यावर भरून येतो, पण हाड भरायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्तही लागतं. रूट कॅनालनंतर महिन्याभरात एक्स-रे काढून "डाग तसाच आहे" म्हणून घाबरू नका.

37 च्या मागे हाड कमी झालंय असं का झालं?

अक्कलदाढ तिरकी टेकली की दोन दाढांमध्ये एक खाच तयार होते, तिथे ब्रश जात नाही. घास, भाकरीचे कण, तंबाखू वापरत असाल तर तंबाखू, सगळं तिथे बसतं. हिरडी सुजत राहते आणि हळूहळू 37 च्या मागचं हाड खाली सरकतं. निरोगी हाडाची वरची कड दाताच्या मानेपासून एक-दोन मिलिमीटर खाली असते, या पेशंटमध्ये ती मुळाच्या जवळपास अर्ध्यापर्यंत गेली होती. काही जणांना त्याच खाचेत 37 ला कीड लागते, आणि ती वरून आरशात दिसतच नाही, फोटोतच सापडते. खरं नुकसान इथे आहे, कारण अक्कलदाढ गेली तरी चालतं पण 37 ही चावायची मुख्य दाढ आहे, ती जायला नको.

फोटोवरच कळतं का हाड किती गेलं?

अर्धवट कळतं. ओपीजी आधी झालेलं नुकसान दाखवतं, आजार आज चालू आहे की थांबलाय हे दाखवत नाही. शिवाय सुरुवातीचं हाड कमी होणं त्यात दिसतच नाही, हाडातले क्षार बरेच गेल्यावरच एक्स-रेवर फरक पडतो. म्हणून बारीक खुणांची काडी, प्रोब, हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून खोली मोजायची. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. या पेशंटला 37 च्या मागे आठ मिलिमीटर गेली आणि रक्त आलं, बाकी सगळ्या दातांना दोन-तीन. म्हणजे हा सगळ्या तोंडाचा हिरडीचा आजार नव्हता, एका जागेचं दुखणं होतं. सगळीकडेच हाड कमी असेल तर गोष्ट वेगळी, मग शुगर तपासा, तंबाखू-बिडी बंद करा आणि हिरड्यांची खोल सफाई लागेल, नुसती अक्कलदाढ काढून काही होणार नाही.

एक सांगते, कुणी तुम्हाला फक्त ओपीजी बघून, प्रोब न लावता, "तुमचं सगळं हाड गेलं, सगळे दात काढा" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

नस जवळ आहे म्हणाले. दाढ काढली तर तोंड वाकडं होईल का?

तोंड वाकडं होत नाही. ही नस हालचालीची नाही, जाणिवेची आहे. तिला इजा झाली तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहते, भुलीचं इंजेक्शन दिल्यावर वाटतं तसं. जास्त जणांचं हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं, कायमचं राहण्याचं प्रमाण सगळ्या खालच्या अक्कलदाढा धरल्या तर शंभरात एकापेक्षा कमी, पण मूळ नसेला अगदी लागून असेल तर धोका वाढतो.

ओपीजीवर त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. नसेचा मार्ग दोन बारीक पांढऱ्या रेघांमध्ये दिसतो. मूळ जिथे त्याला ओलांडतं तिथे मुळावर काळा पट्टा दिसला, किंवा वरची पांढरी रेघ मध्येच तुटली, किंवा नसेचा मार्ग तिथे एकदम वळला, तर जपून. यातलं काहीच नसेल आणि नुसतं एकावर एक दिसत असेल तर बहुतेक वेळा नस मुळाच्या जिभेकडच्या किंवा गालाकडच्या बाजूने जात असते, चिकटलेली नसते.

मग सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन सगळ्यांनी काढायचा का?

नाही. ओपीजी सपाट आहे, त्यात खोली कळत नाही, नस मुळाच्या जिभेकडे आहे की गालाकडे हे सीबीसीटीच सांगतो. पण वर सांगितलेल्या खुणा असतील किंवा सिस्ट मोठी असेल तरच त्याचा उपयोग, नाहीतर उगाच खर्च आणि जास्त रेडिएशन. या पेशंटला काळा पट्टा होता म्हणून काढला. नस जिभेच्या बाजूने निघाली, मुळापासून पातळ हाडाने वेगळी. म्हणून ओरल सर्जनने गालाच्या बाजूने थोडं हाड कापलं, दाढेचे तुकडे करून काढले, सिस्टची पिशवी पूर्ण सोडवून काढली. सगळं जागेवर भूल देऊन झालं. ओठ थोडा बधिर राहिला होता, सहा आठवड्यांत जाणीव परत आली. नस मुळाला अगदी चिकटून असती आणि सिस्ट नसती, तर फक्त डोकं कापून मुळं तशीच ठेवायचा पर्यायही असतो. आजार असलेल्या दाढेत सहसा तो करत नाहीत.

एक्स-रेच्या रेडिएशनची भीती वाटते.

एका ओपीजीचा डोस आपण रोज नैसर्गिकपणे माती, हवा, अन्नातून घेतो त्याच्या काही दिवसांएवढा असतो. गरज असेल तर घाबरू नका, पण "दर सहा महिन्यांनी रुटीन म्हणून" काढायचं काही कारण नाही. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगा. जुना ओपीजी असेल तर घेऊन या, कड वाढली का हे कळायला जुना फोटो सगळ्यात कामाचा. मोबाईलने काढलेल्या फिल्मच्या फोटोपेक्षा सेंटरवाल्याकडून मूळ फाईल मागून घ्या, त्यात मोजता येतं.

ऑपरेशननंतर खायचं काय?

पहिल्या दिवशी थंड आणि मऊ, दूध, दही-भात, थंड केलेली पातळ खिचडी, पिकलेलं केळं. आपल्याकडे केळ्याला तोटा नाही. शेवभाजी, ठेचा, कळण्याची भाकर टाके निघेपर्यंत बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. दुखणं कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढलं, कानापर्यंत ठणका गेला, तर जखमेतली गुठळी निघून गेलीय, घरी गोळ्या वाढवत बसू नका, येऊन जखम धुवून औषध भरून घ्या. तंबाखू आणि बिडीवाल्यांना हे जास्त होतं.

कधी लगेच दवाखाना गाठायचा?

ऑपरेशन झालेलं असो किंवा नसो, गिळायला त्रास, तोंड उघडत नाही, ताप, किंवा हनुवटीखाली-गळ्याकडे पसरणारी कडक सूज असेल तर सकाळची वाट बघू नका. तिकडून श्वासावर येऊ शकतं. जवळच्या मोठ्या दवाखान्यात, जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, रात्री असेल तर रात्रीच जायचं.

हाड परत भरतं का?

सिस्टची पोकळी बऱ्यापैकी भरते, काही महिन्यांत फोटोत राखाडी जाळी दिसायला लागते. 37 च्या मागचं हाड मात्र वयावर आहे. पंचविशीच्या आत दाढ काढली तर चांगलं भरतं, नंतर कमी कमी होत जातं. आपला पेशंट 28 चा होता, वर्षाने प्रोब लावला तर आठची खोली चारवर आली होती, पूर्ण नाही पण दाढ वाचली. तिथे रोज छोट्या डोक्याचा ब्रश मागून लावायला शिकवलं, तो मात्र त्याला कायम लावावा लागणार.

मग त्याची उजवीकडची 48 पण काढली का?

नाही. आईंनी विचारलंच होतं, "एका खेपीतच दोन्ही काढून टाका ना." 48 पूर्ण हाडात होती, कड दोन मिलिमीटर, पुढच्या 47 ची मागची बाजू स्वच्छ, प्रोब तीन. काढायला कारणच नव्हतं, आणि नसेची जोखीम त्या बाजूलाही होतीच. डावीकडची सिस्ट भरतेय का ते बघायला वर्षाने ओपीजी काढला, त्यात 48 ची कड पण मोजली, तेवढीच होती. आता ठरलंय असं की दोन वर्षांनी पुन्हा एक फोटो, आणि त्याआधी तिकडे घास अडकायला लागला किंवा सूज आली तर लगेच यायचं.